12 मेगापिक्सेलची फाईल, 512 पिक्सेलचं चित्र

«सर्वांनी लक्ष द्या! कॅमेऱ्यातला पेंटिंग किंवा कार्टून फिल्टर फोटोचा प्रत्येक पिक्सेल नव्याने, मूळपेक्षा स्पष्ट रंगवतो. खात्री करायची तर फाईलचे डिटेल्स बघा, 4000×3000 तसेच असतात, म्हणजे क्वालिटी शून्य टक्के कमी. मूळ फोटो ठेवून जागा अडवू नका, डिलीट करा. हे सगळं फोनवर होत नाही, चित्र सर्व्हरवर जाऊन परत येतं. फोन गरम झाला तर समजा सेन्सर जळतोय. पुढे पाठवा.»

मूळ फोटो डिलीट करू नका. हे आधी, बाकीचं नंतर. घरच्या ग्रुपवर हा मेसेज पडला आणि लगेच एकाने गॅलरी साफ करायला घेतली, म्हणून हे लिहिणं आलं. ज्यांनी फोटो आधीच उडवलेत त्यांनी गॅलरीतला ट्रॅश किंवा ‘नुकतेच हटवलेले’ हा फोल्डर उघडावा. बहुतेक ॲपमध्ये फोटो तिथे साधारण महिनाभर पडून असतात, तेवढ्यात परत आणता येतात.

आता ते 4000×3000. फाईलच्या डिटेल्समध्ये दिसतो तो कागदाचा आकार. त्या कागदावर किती बारीक चित्र काढलंय हे त्या आकड्यावरून कळत नाही. अंगठ्याएवढा फोटो ताणून भिंतभर केला तरी भिंतीचं माप खरंच असतं. कॅमेऱ्यासमोर क्षणोक्षणी चालणारा शैली-फिल्टर नेमकं हेच करतो: चित्र लहान करतो, लहान चित्र रंगवतो आणि पुन्हा ताणतो. तसं केल्याशिवाय त्याचा वेग जमत नाही, आणि का जमत नाही हे साध्या गुणाकाराने बघता येतं.

या फिल्टरांचा मूळ नमुना म्हणजे जॉन्सन, अलाही आणि फेई-फेई ली यांचा 2016 चा शोधनिबंध. त्याआधी, 2015 मध्ये, गॅटिस आणि सहकाऱ्यांनी दाखवलेल्या पद्धतीत एकच चित्र शेकडो वेळा थोडंथोडं सुधारत न्यावं लागायचं. जॉन्सन यांनी ती मेहनत आधीच, शिकवणीच्या वेळी उरकली. एका शैलीसाठी एक न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकलेला गणिती साचा, तयार करायचं आणि मग चित्र त्यातून एकदाच पार करायचं. वेग सुमारे हजारपट वाढला. पण निबंधात आकडा काय आहे? 512×512 च्या चित्राला सेकंदाला 20 फ्रेम, आणि तेही त्या काळच्या डेस्कटॉपच्या दमदार ग्राफिक्स कार्डवर. 12 मेगापिक्सेल नाही आणि फोनही नाही.

त्या नेटवर्कची रचना अशी. चित्र आत आलं की दोनदा निम्मं होतं, म्हणजे लांबी-रुंदी चौथाई होते. त्या लहान जाळीवर 128 पदरांचे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या आकड्यांच्या 128 जाळ्यांचे, पाच ठोकळे काम करतात आणि मग चित्र पुन्हा मोठं होतं. प्रत्येक ठोकळ्यात 3×3 ची दोन कन्व्होल्यूशन असतात, म्हणजे प्रत्येक घराचा नवा आकडा ते घर आणि भोवतालची आठ घरं यांच्यावरून काढतात. एका कन्व्होल्यूशनला जाळीच्या एका घरासाठी 9×128×128, म्हणजे 1,47,456 गुणाकार लागतात. अशी दहा, म्हणजे दर घरामागे साधारण पावणेपंधरा लाख. चित्र 512×384 चं असेल तर आतली जाळी 128×96 ची, म्हणजे 12,288 घरांची, आणि एका फ्रेमला सुमारे 1,800 कोटी गुणाकार होतात. 4000×3000 चं चित्र जसंच्या तसं घातलं तर जाळी 1000×750 ची होते आणि हिशेब एक लाख कोटींच्या वर जातो. तीस फ्रेम हव्यात तर हे सगळं 33 मिलिसेकंदांत उरकायचं.

स्मृतीचं गणित तर याहून सरळ आहे. पहिल्या थरातून 32 पदर बाहेर पडतात. प्रत्येक आकडा दोन बाइटचा धरला तर 12 मेगापिक्सेलला फक्त त्या एका थरासाठी 768 मेगाबाइट लागतात. 512×384 ला साडेबारा मेगाबाइट पुरतात. फोनमधली चिप कितीही भारी असली तरी एवढा माल दर 33 मिलिसेकंदांनी मेमरीतून आत-बाहेर नेणं हीच खरी अडचण आहे.

म्हणून फोनसाठी आणखी काटछाट होते. साध्या कन्व्होल्यूशनऐवजी आधी प्रत्येक पदरावर वेगळं 3×3 आणि मग पदरांचं 1×1 मिश्रण असे दोन टप्पे केले की दर घरामागचे 1,47,456 गुणाकार 17,536 वर येतात. एका फ्रेमचे 1,800 कोटी मग 215 कोटींच्या आसपास उरतात. पदर 128 वरून 64 केले की आणखी घट होते. आकडे 32 बिटांऐवजी 16 किंवा 8 बिटांत ठेवतात. यातल्या प्रत्येक कपातीची किंमत चित्रात दिसते. पदर कमी केले की कुंचल्याचे फटकारे एकसुरी होतात, सगळीकडे तोच तो ठसा उमटल्यासारखा. आठ बिटांत आणताना हलगर्जी झाली तर आकाशासारख्या सपाट भागात रंगाच्या पायऱ्या दिसू लागतात. पण सर्वांत मोठी किंमत चित्र लहान करण्याचीच असते.

ती एका चेहऱ्यावर मोजून बघा. फोटोच्या रुंदीचा पाचवा भाग चेहऱ्याने व्यापलाय असं धरू. 4000 पिक्सेलच्या फोटोत तो 800 पिक्सेल रुंद असतो आणि एक डोळा साधारण त्याचा पाचवा भाग, म्हणजे 160 पिक्सेल. त्या 160 मध्ये पापणीचा केसन्‌केस मावतो. फिल्टरसाठी फोटो 512 वर आला की चेहरा 102 पिक्सेलचा आणि डोळा 20 पिक्सेलचा होतो. नेटवर्कच्या आतल्या जाळीवर तर त्या डोळ्याच्या वाट्याला जेमतेम पाच घरं येतात. पाच घरांत बुबुळ, पापणी आणि भुवई वेगळी ठेवायची आहे! म्हणून ग्रुप फोटोत मागच्या रांगेतल्या माणसांचे डोळे हा फिल्टर काळ्या ठिपक्यावर भागवतो, आणि पाटीवरची अक्षरं अक्षरांसारख्या दिसणाऱ्या रेघा होऊन जातात. ही माहिती गेली ती गेली, ताणल्याने परत येत नाही. छापायचं म्हटलं तर इंचाला 300 ठिपक्यांच्या छपाईत 4000 पिक्सेल तेरा इंचांहून जास्त जागा भरतात. 512 पिक्सेल पावणेदोन इंचांतच संपतात.

पटत नसेल तर तपासा. संगणकावर इमेजमॅजिक हे आदेश देऊन चित्रं बदलायचं सॉफ्टवेअर असेल तर फिल्टरचा फोटो मुद्दाम लहान करून पुन्हा मोठा करा:

```
magick filter.jpg -resize 512x512 -resize 4000x4000 test.jpg
```

लांबी-रुंदीचं प्रमाण आपोआप राखलं जातं. दोन्ही फाईल शंभर टक्के झूमवर शेजारीशेजारी ठेवा. चित्र जवळजवळ सारखंच दिसलं तर 512 च्या पलीकडचा तपशील त्यात मुळातच नव्हता. फरक दिसला तर 512 च्या जागी 1024 घालून पुन्हा बघा. हाच आदेश फिल्टर नसलेल्या फोटोवर चालवलात तर केस आणि कापडाची वीण पुसट होताना लगेच दिसेल. इथे एक फसवी जागा आहे. काही फिल्टर चित्र ताणून झाल्यावर वरून कॅनव्हासचा पोत किंवा दाणे पूर्ण आकारात टाकतात. त्यामुळे फोटो धारदार भासतो आणि चाचणीतही फरक दिसतो. अशा वेळी पोत सोडा आणि एखाद्या पाटीवरची अक्षरं वाचता येतात का तेवढं बघा.

अर्धं सत्य आहे तिथे मान्य करायला हवं, नाइलाजाने का होईना. जो फिल्टर फक्त रंग बदलतो, म्हणजे जुन्या फिल्मसारखी छटा किंवा कृष्णधवल, त्याला चित्र लहान करायची गरज नसते. प्रत्येक पिक्सेलचा रंग एका तक्त्यात बघून बदलायचा, एवढंच काम असतं, आणि फोनचा ग्राफिक्स भाग ते पूर्ण आकारात सहज करतो. मधला मार्गही आहे. 2017 च्या एचडीआरनेट या फोटो सुधारण्याच्या पद्धतीत गार्बी आणि सहकाऱ्यांनी जड विचार 256×256 च्या प्रतीवर केला. त्यातून निघालं चित्र नव्हे, तर रंग कसा बदलायचा याचे गुणक, 16×16×8 च्या छोट्या जाळीत. ते गुणक मूळ मोठ्या चित्रावर लावल्याने कडा शाबूत राहतात. पण ही युक्ती रंग आणि उजेड सुधारायला चालते. जिथे नसलेला कुंचल्याचा फटकारा नव्याने उभा करायचा आहे तिथे ती अपुरी पडते.

दुसरी सवलत: काही ॲप बटण दाबल्यावर फोटो मोठ्या आकारात, सावकाश, पुन्हा रंगवतात. मग तपशील जास्त मिळतो, पण वेगळीच गंमत होते. नेटवर्कचा फटकारा ठरावीक पिक्सेलांचा असतो, कारण ते लहान चित्रांवर शिकलेलं असतं (जॉन्सन यांनी 256×256 वर शिकवलं होतं). पडद्यावर जाडजूड दिसलेला 20 पिक्सेलचा फटकारा 4000 च्या फोटोत आठपट बारीक दिसतो आणि पेंटिंगऐवजी खरखरीत कागद हाती येतो. ‘दिसलं एक, सेव्ह झालं दुसरं’ ही तक्रार बऱ्याचदा याचीच असते. ती टाळायची तर फोटो साध्या कॅमेऱ्याने काढा आणि फिल्टर नंतर त्याच्या प्रतीवर लावा.

सर्व्हरचा मुद्दा एका वाक्यात निकालात निघतो: विमान मोड चालू करा, वायफाय बंद आहे ना बघा आणि फिल्टर लावा. चालला, तर चित्र कुठेही गेलेलं नाही. ही अफवा कुठून आली असेल तेही सांगतो. 2016 च्या मध्याला गाजलेलं प्रिझ्मा हे फिल्टरचं ॲप सुरुवातीला फोटो खरोखरच सर्व्हरवर पाठवायचं, पण काही आठवड्यांतच त्याने आयफोनवर ऑफलाइन प्रक्रिया आणली. शिवाय तो एकेका फोटोचा मामला होता. हलत्या चित्राची प्रत्येक फ्रेम पाठवून परत आणायची तर इंटरनेटचा उशीर 33 मिलिसेकंदांत बसवणं अवघड, आणि हात हलवल्यावर पडद्यावरचा हात मागाहून आला असता.

आणि गरम होण्याचं म्हणाल तर सेन्सर जळत नाही. कॅमेरा, पडदा आणि ग्राफिक्स किंवा न्यूरल चिप एकाच वेळी पूर्ण दमाने चालतात, तर फोन तापणारच. तापला की फोन स्वतःच चिपचा वेग उतरवतो. मग फ्रेम 30 वरून घसरतात आणि चित्र अडखळायला लागतं. ते दिसू नये म्हणून काही फिल्टर आतला आकार गुपचूप कमी करतात, 512 चा 384 किंवा 256. फाईल तेव्हाही 4000×3000 चीच सेव्ह होते.