खंड्याचा कान आम्ही उलटा केला

आमच्या फोटो स्टुडिओला आलेला रिव्ह्यू, एक तारा. "बाबांच्या पंचाहत्तरीला द्यायचा म्हणून घरच्यांच्या फोटोत आमच्या गेलेल्या खंड्याला बाबांच्या आरामखुर्चीशेजारी बसवून मागितलं होतं. साडेतीन हजार घेतले. कुत्रा चिकटवल्यासारखा दिसतो, जमिनीवर बसलाय असं वाटतच नाही, आकारानेही लहान. बाबा फोटो बघून म्हणाले, 'हा कोणाचा आणलात?' फोन केला तर 'तुम्हीच ओके केलं होतं' असं ऐकवलं. लोकांच्या भावनांचा धंदा."

नमस्कार ताई,

काल दुकान बंद झाल्यावर तुमची फाइल उघडून दोन तास बसलो. बाबा जे म्हणाले ते बरोबर आहे. तो खंड्या नाहीच.

खंड्याच्या डाव्या कानाला नसबंदीच्या वेळची खाच होती. तो आपल्याकडे बघत असेल तर ती आपल्या उजव्या हाताला दिसते. तुम्ही दिलेल्या मूळ फोटोत ती तशीच आहे आणि आम्ही दिलेल्या फोटोत ती दुसऱ्या बाजूला गेली आहे. नाकावरचा पांढरा पट्टा डावीकडे वळायचा, तो उजवीकडे वळलाय. आमच्या मुलाने 'Flip Horizontal' दाबलं आणि तुम्हाला सांगितलं नाही. चूक एवढीच आहे, पण तेरा वर्षं त्याच कानामागे खाजवलेल्या माणसाला ती लगेच कळणार. नेमकं काय बिघडलंय हे त्यांना सांगता येणार नाही, आपला कुत्रा नाही एवढं मात्र कळेल.

त्याने ते का केलं तेही सांगतो. चुकीवर पांघरूण घालायचं नाही, पण बाकीच्या दोन तक्रारीही याच धाग्याला लागून आहेत. तुमच्या घरचा फोटो मी स्वतः काढला होता. गॅलरीचं दार फोटोच्या डाव्या हाताला आहे आणि सगळा उजेड तिथून येतो. बाबांचा डावीकडचा गाल उजळ आहे, उजवीकडचा सावलीत. खंड्याचा जो फोटो आम्ही वापरला तो सोसायटीच्या लॉनवरचा आहे आणि त्यात ऊन उजवीकडून आहे. दोन्ही जसेच्या तसे शेजारी ठेवले तर एकाच खोलीत दोन सूर्य होतात. यावर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे फोटो आरशात बघितल्यासारखा उलटवणे. एका क्षणात उजेड जुळतो. सगळा काळा किंवा सगळा पांढरा कुत्रा असेल तर कित्येकदा खपूनही जातं. खुणा असलेल्या प्राण्याला ते चालत नाही, आणि गावठी कुत्र्याच्या अंगावर तर सगळ्या खुणाच असतात. उजेड जुळत नसेल तर फोटो बदलायचा असतो. आम्ही कुत्रा बदलला.

आता तो तरंगतो का. सावली आम्ही दिली होती, पण ती चुकीच्या जातीची होती. अंगाभोवती सगळीकडून सारखी पुसट काळी कड आहे ती. कागदावर कापलेलं चित्र ठेवलं की अशी कड दिसते. जमिनीवर बसलेल्या जनावराची सावली दोन प्रकारची असते. पंजा जिथे फरशीला टेकतो तिथे केसाएवढी, जवळजवळ काळी रेघ असते, कारण त्या फटीत उजेड शिरतच नाही. तिथून पुढे दाराच्या विरुद्ध दिशेला पसरत जाणारी फिकी सावली, जितकी लांब जाईल तितकी विरळ. तुमच्याच फोटोत आरामखुर्चीच्या पायांपाशी बघा, दोन्ही आहेत. शिवाय तुमच्या हॉलमध्ये चकचकीत टाइल्स आहेत. खुर्चीच्या पायांचं, आजींच्या पांढऱ्या पातळाचं धूसर प्रतिबिंब खाली दिसतं. खंड्याच्या पांढऱ्या छातीचं काहीच दिसत नाही. सगळ्यांचं प्रतिबिंब आहे आणि एकाचंच नाही, मग तो हवेत बसल्यासारखा दिसणारच. पोटाखालच्या केसांना लॉनची हिरवट झाकही राहिलीय. ती मला प्रिंटमध्येच दिसली, स्क्रीनवर नाही.

आकाराचं सरळ गणित आहे आणि ते आम्ही केलंच नाही. डोळ्याच्या अंदाजाने 'बरा दिसतोय' तिथे थांबलो. तुमच्या भावाने काल फोनवर सांगितलं की खंड्या खुर्चीशेजारी बसला की हनुवटी बरोबर हातावर टेकवायचा. त्यांनी टेप लावून खुर्चीचा हात मोजला, जमिनीपासून २२ इंच. हनुवटीच्या वर डोकं आणि कान धरून साडेपाच इंच, म्हणजे बसलेला खंड्या साडेसत्तावीस इंच. तुमच्या १२ बाय १८ च्या प्रिंटवर मी पट्टी ठेवली. खुर्चीचा हात जमिनीपासून ४ इंचांवर येतो, म्हणजे प्रिंटचा एक इंच हा खोलीतला साडेपाच इंच. त्या हिशोबाने खंड्या प्रिंटवर ५ इंच हवा होता. आम्ही ४ इंचांचा बसवलाय. त्याचे कान खुर्चीच्या हाताला जेमतेम लागतात, हनुवटी कुठली टेकणार. सहा महिन्यांचं पिल्लू दिसतं ते.

पण नुसता मोठा करूनही तो बसला नसता. लॉनवरचा फोटो उभं राहून, फोन खाली झुकवून, दोनतीन फुटांवरून काढलेला आहे. अशा फोटोत डोकं मोठं येतं, पाय आखूड येतात आणि पाठीचा कणा वरून दिसतो. मी घरच्यांचा फोटो स्टँडवर साडेतीन फूट उंचीवरून काढला, त्यात सगळे समोरून दिसतात. वरून बघितलेला कुत्रा समोरून बघितलेल्या खोलीत ठेवला की त्याच्याखालची जमीन उतरती वाटते. लहानमोठा करून हे जात नाही आणि आमच्याकडच्या कुठल्याही बटणानेही जात नाही. हे पहिल्याच दिवशी तुम्हाला सांगून दुसरा फोटो मागायला हवा होता.

एका गोष्टीत थोडं माझं ऐका. तो फोटो आमच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवरून आला. साधा पाठवला की त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. त्यात खंड्या जेमतेम ५०० पिक्सेल उंच होता. पाच इंचांवर पसरला तर इंचाला १०० पिक्सेल पडतात आणि शेजारी बाबांच्या चेहऱ्याला ३३३. बाबांच्या भुवयांचा केस न् केस मोजता येतो आणि कुत्रा साबण लावल्यासारखा गुळगुळीत. लहान ठेवण्यामागे आमच्या मुलाच्या मनात हेही असणार, लहान केला की मऊपणा लपतो. म्हणून सांगतो, कुठल्याही स्टुडिओला असा फोटो देताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा किंवा फोनच घेऊन या.

आणि ते ओकेचं. तुम्ही ओके पाठवलं होतं हे खरं, पण आम्ही नमुना पाठवला रात्री साडेदहाला, मोबाइलवर, जिथे खंड्याचा कान तांदळाच्या दाण्याएवढा दिसतो. उलटवलाय हे सांगितलं नव्हतं. न सांगितलेल्या गोष्टीला कोणी ओके देत नसतं. फोनवर तसं उत्तर देणारा मीच होतो, मुलगा नव्हे. माफ करा.

भावनांचा धंदा म्हणालात, त्यावर वाद घालत नाही. एरवी लग्नाचे अल्बम आणि पासपोर्ट फोटो हाच आमचा धंदा आहे, अशी कामं वर्षाला पंधरावीस येतात. ती मी स्वतः करायची असं ठरवलं होतं आणि लग्नसराईत ते मोडलं.

आता काम कुठवर आलंय ते सांगतो. तुमचे भाऊ काल खंड्याचे जुन्या फोनमधले फोटो घेऊन आले, चाळीसेक होते. बहुतेक झोपलेला किंवा पळताना हललेला. दोनतीन फ्लॅशचे, त्यात डोळे हिरवे चमकलेत. ते मी आधीच बाजूला काढले, कारण डोळा रंगवून दिला की नजर मरते. शेवटी एक सापडला. तुमच्या भाचीने गॅलरीच्या दारात जमिनीवर बसून काढलेला, सकाळचा. उजेड डावीकडून, तोही थेट ऊन नाही, दारातून आलेला मवाळ. फोन त्याच्या छातीच्या उंचीवर, त्यामुळे खोलीतल्या माझ्या फोटोशी बराच जुळतो. मूळ फाइल ४००० पिक्सेलची आहे, खंड्या १२५० पिक्सेल उंच, म्हणजे पाच इंचांत इंचाला २५०. घरच्यांचा फोटो अगदी किंचित मऊ केला आणि दोघांवर एकसारखा बारीक दाणेदारपणा टाकला की फरक कळत नाही. खाच डाव्याच कानाला आहे. उलटवायची गरजच नाही.

त्या फोटोतही एक अडचण आहे. त्याचा मागचा एक पाय तुळशीच्या कुंडीआड गेलाय. तो पाय मी रंगवून लावणार नाही, दुसऱ्या फोटोतला आणून चिकटवणारही नाही. कुंडी उजवीकडे होती आणि खुर्चीही उजवीकडेच आहे. खंड्याला तिच्या पुढच्या पायाच्या थोडा मागे बसवतो, पाय आपोआप झाकला जाईल. फक्त मागे सरकवला की आकार किंचित कमी करावा लागतो, पाच इंचांचे पावणेपाच होतील. हनुवटी हातावर टेकलेली येणार नाही, कारण त्या फोटोत त्याने मान ताठ ठेवलीय. मान वाकवून देतो असं कोणी सांगितलं तर माझा त्यावर विश्वास बसणार नाही. हे तुम्हाला चालणार असेल तरच पुढे जातो.

चालणार असेल तर शुक्रवारी संध्याकाळी बाबांना घेऊन टिळक रोडच्या दुकानात या. मोबाइलवर नमुना पाठवत नाही. ८ बाय १२ चा कच्चा प्रिंट टेबलावर ठेवतो, शेजारी भाचीने काढलेला मूळ फोटो. बाबांना कान, नाकाचा पट्टा आणि डोळे बघू द्या. त्यांनी हो म्हटलं की मोठा प्रिंट टाकतो. पैसे घेणार नाही, आणि आधीचे साडेतीन हजार आज तुमच्या भावाच्या खात्यावर परत केलेत. फ्रेम तीच वापरू, फक्त येताना ती आणा. मागची पट्टी उघडताना सागवानाची कड तडकते, तेव्हा घरी उघडू नका.