मोठ्या बाहुल्या, उडालेली झोप आणि घाईघाईत लावलेला निकाल

“रात्र-रात्र जागणं, एकदम चढणारा-उतरणारा मूड, डोळ्यांच्या मोठ्या झालेल्या बाहुल्या आणि पैशांची उधळण. घरातल्या कुणात ही चारही लक्षणं दिसली तर तो नशा करतोय हे नक्की समजा. त्याला न सांगता लघवीची तपासणी करा, खरं-खोटं लगेच कळेल.”

असा ठाम सल्ला ऐकायला मिळतो, पण तो चुकीच्या निकालाकडे नेऊ शकतो. कसा ते सांगताना सुरुवात बाहुल्यांपासून करते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथे आहेत. बाहुलीचा आकार आधी उजेडावर ठरतो. लख्ख उजेडात ती साधारण २ ते ४ मिलिमीटर असते, अंधारात ४ ते ८. रात्री मंद दिव्याखाली तरुण माणसाच्या डोळ्यांत पाहिलंत तर ती मोठीच दिसणार. घाबरल्यावरही ती मोठी होते, म्हणजे “इकडे बघ” असं दरडावून तपासलंत तर तुमच्या तपासणीनेच ती वाढू शकते. कोकेन आणि अॅम्फेटामाइन या उत्तेजक नशांमुळे ती मोठी होते हे खरं आहे. पण नैराश्यावरच्या अनेक गोळ्या, अॅलर्जीची काही औषधं आणि डोळे तपासताना घातलेले थेंब हेही तेच करतात. हेरॉइन किंवा मॉर्फिनने तर उलट होतं. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते आणि मंद उजेडातही उघडत नाही. सवय लागलेल्या माणसाच्या अंगातून ते उतरू लागलं की तीच बाहुली मोठी होते, आणि सोबत जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा, जुलाब येतात. एका संध्याकाळी पाहिलेल्या बाहुलीपेक्षा असा दिवसागणिक बदलणारा क्रम कितीतरी जास्त सांगतो.

आता चारही लक्षणं एकत्र असली तर? मी व्यसनमुक्तीच्या कामात समुपदेशन करते. एक बहीण चोवीस वर्षांच्या भावाला घेऊन आली होती. तो तीन तास झोपायचा, क्षणात हसायचा, क्षणात भडकायचा. बाहुल्या मोठ्या, आणि बचत जवळपास संपलेली. घरच्यांनी त्याची बॅग उचकटली होती, तिथे काहीच सापडलं नव्हतं. मी तिला तारखा लिहायला सांगितल्या: काय कधी सुरू झालं आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत कोणतं औषध सुरू झालं किंवा बदललं. कागदावर सगळं उतरल्यावर चित्र पालटलं. पाच आठवड्यांपूर्वी नैराश्यावरची गोळी सुरू झाली होती आणि झोप त्यानंतर दोन आठवड्यांनी कमी झाली होती.

मी तिला दोन गोष्टी विचारल्या. इतक्या कमी झोपेनंतर तो दिवसा गळून जातो का? नाही, उलट पहाटेच उठून नवे बेत सांगतो. उत्तेजक नशेत बहुधा दोन-तीन रात्री जागरण होतं आणि मग माणूस दिवसभर मेल्यासारखा झोपतो. ती कोसळण याच्यात नव्हती. दुसरं, पैसे कुठे जातात? खोकी घरी येत होती, उघडपणे, आणि तो ती अभिमानाने दाखवत होता. नशेचा खर्च बहुधा मागे वस्तू ठेवत नाही. कारणं बदलत राहतात, उधारी वाढते. (जुगाराचा खर्चही असाच दिसतो, म्हणून तोही विचारावाच लागतो.)

मनोविकारतज्ज्ञांनी निदान केलं ते उन्मादाचं, म्हणजे मॅनियाचं. ज्यांना मुळात द्विध्रुवीय आजार, म्हणजे नैराश्य आणि उन्माद या दोन टोकांत हेलकावण्याचा आजार असतो त्यांच्यात नैराश्यावरच्या गोळीने उन्माद उफाळू शकतो, आणि याच गोळ्यांपैकी अनेकींनी बाहुल्याही मोठ्या होतात. गोळी डॉक्टरांनी बंद केली. घरच्यांनी ती मनानेच तोडली असती तर चक्कर, अस्वस्थपणा असे नवे त्रास सुरू होऊन गोंधळ आणखी वाढला असता. हा उन्माद होता म्हणून नशेचा प्रश्न मिटत नाही, कारण दोन्ही एकाच माणसात असू शकतात. म्हणून तज्ज्ञांनी नशेबद्दलही विचारलं, पण एकांतात आणि सरळ.

लघवीच्या पट्टीबद्दल थोडक्यात. नेहमी गांजा ओढणाऱ्याने तो सोडल्यावरही पट्टी कित्येक आठवडे तो दाखवू शकते, तर कोकेन बहुधा दोन-चार दिवसांत दिसेनासं होतं. अफूवर्गीय पदार्थांच्या साध्या पट्टीत ट्रामाडॉल आणि फेंटानिल सहसा सापडत नाहीत. उलट नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनमुळे अॅम्फेटामाइनचा खोटा होकार येऊ शकतो. शिवाय न सांगता केलेली तपासणी त्या माणसाला कळते तेव्हा तो पुढचे सगळे प्रश्न टाळू लागतो, आणि त्याच्या उत्तरांशिवाय निदान होत नाही.

एका प्रसंगात मात्र तारखा लिहीत बसू नका. बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास अगदी संथ किंवा घरघरता, ओठ निळसर आणि हाका मारूनही माणूस उठत नसेल, तर रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर त्याला कुशीवर वळवा, अफूवर्गीय नशेचा परिणाम उलटवणारं नालोक्सोन हे औषध हाताशी असेल तर द्या आणि मदत येईपर्यंत शेजारून हलू नका. श्वास थांबला तर फोनवरचे लोक सांगतील तसं लगेच करा.