राहुल कुणाची वाट बघतोय?

एक गुण. फक्त एका गुणाचा प्रश्न होता आणि त्यापुढे लाल पेनाने काढलेलं शून्य इतकं गोल, इतकं मन लावून काढलेलं होतं की मला त्या मॅडमच्या हस्ताक्षराचाच राग आला. मुलगी सेमी इंग्रजीत आठवीला. पेपर दाखवायचा दिवस. डायरेक्टचं इनडायरेक्ट करा, असा प्रश्न आणि वाक्य असं:

राहुल सेड टू मी, "आय ॲम वेटिंग फॉर यू हिअर टुडे."

मुलीचं उत्तर: राहुल टोल्ड मी दॅट आय ॲम वेटिंग फॉर यू देअर दॅट डे.

आता न्यायानं बघा. 'सेड टू'चं 'टोल्ड' केलंय. अवतरणचिन्हं काढलीत, 'दॅट' घातलंय. 'हिअर'चं 'देअर', 'टुडे'चं 'दॅट डे'. एवढी मेहनत केल्यावर अर्धा गुण तरी माणुसकीच्या नात्याने द्यायला नको? भाजीवाला कोथिंबीर फुकट देतो. ते जाऊ दे, हल्ली तोही देत नाही.

मॅडमच्या टेबलापुढे पालकांची रांग होती. माझ्या पुढे एक आजोबा, नातवाचा पेपर घेऊन. त्यांनी माझ्या हातातला पेपर न विचारता ओढून घेतला आणि चष्मा कपाळावरून नाकावर आणला.

"राहुल हजर आहे का?"

"कोण राहुल?"

"ह्या वाक्यातला."

"अहो आजोबा, तो पेपरातला राहुल आहे."

"म्हणजे गैरहजर. मग त्याचं म्हणणं सांगतंय कोण?"

मी म्हटलं, वाक्यात 'मी' आहे, तो 'मी' सांगतोय. आजोबांनी लगेच विचारलं, "हा 'मी' कोण? नाव, वय, धंदा?" मग कळलं की गृहस्थांची सगळी नोकरी कोर्टात गेली होती. राहुलचं म्हणणं दुसऱ्याने सांगायचं म्हणजे ऐकीव पुरावा, आणि पुरावा कायद्याप्रमाणे तोंडी पुरावा थेटच लागतो, अमका मला असं म्हणाला हे चालत नाही, असं त्यांनी मला रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. "जी गोष्ट कोर्ट ऐकून घेत नाही, ती हे लोक पोरांना गुण देऊन शिकवतात!" मागच्या बाईंनी मान डोलावली. त्यांच्या मुलाचेही ह्याच प्रश्नात गेले असावेत.

आमची पाळी आली तेव्हा आजोबा स्वतःचं काम झाल्यावरही हलले नाहीत. मी मॅडमना माणुसकीचा मुद्दा सांगितला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही हे उत्तर वाचा आणि मला सांगा, वाट कोण बघतंय?"

"राहुल."

"कुठे लिहिलंय? अवतरणचिन्हं होती तोवर 'आय' म्हणजे राहुल. ती काढली की आतलं वाक्य सांगणाऱ्याच्या तोंडात जातं. आता 'आय' म्हणजे तुमची मुलगी, आणि 'यू' म्हणजे वाचणारी, म्हणजे मी. तुमच्या मुलीने लिहिलंय की राहुलने तिला सांगितलं की ती माझी वाट बघतेय."

"बघा!" आजोबा म्हणाले. "म्हणूनच विचारलं, हा 'मी' कोण!"

मॅडमनी पेन्सिल घेतली. मूळ वाक्यातल्या 'आय'च्या डोक्यावर 'राहुल' लिहिलं, 'यू'च्या डोक्यावर 'मी'. आधी एवढं करायचं, म्हणाल्या, आणि मगच बाकीचं. बोलणारा राहुल, म्हणून 'आय'चा 'ही'. ज्याला सांगितलं तो 'मी', म्हणून 'यू'च्या जागी इंग्रजीतलं 'मी'. मग काळ. राहुल तेव्हा बोलला, मुलगी आत्ता सांगतेय. 'सेड' भूतकाळात आहे, तर वाट बघणंही तेव्हाचंच, म्हणून 'ॲम'चं 'वॉज'. झालं: राहुल टोल्ड मी दॅट ही वॉज वेटिंग फॉर मी देअर दॅट डे. आणि "दॅट डे लिहून ॲम तसंच ठेवलं म्हणजे, 'त्या दिवशी मी वाट बघते आहे'. असं कोण बोलतं?"

"तारीख पडली असेल," आजोबा म्हणाले. मग त्यांना मॅडमचा 'ही' दिसला. "पण हे काय? राहुल स्वतः 'आय' म्हणाला ना? तुम्ही 'ही' कसं घातलंत? ही तर साक्ष फिरवणं झालं!"

मॅडमनी त्यांच्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. मी विचारलं, "आणि सेडच्या जागी सेज असतं तर?" काळ तसाच राहिला असता, पण सर्वनामं बदलावीच लागली असती: राहुल टेल्स मी दॅट ही इज वेटिंग फॉर मी. म्हणजे ह्या दोन वेगवेगळ्या तपासण्या आहेत, एक केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. मुलीने दोन्ही केल्या नव्हत्या आणि ज्या चार गोष्टी केल्या त्या नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या होत्या. हे पटलं. पण अर्धा गुण? तो नाहीच. चार खांब उभे आहेत म्हणून छप्पर नसलेल्या घराला भाडं मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

माझी खरी चीड वेगळीच आहे. पोरीला नियम पाठ होता. क्लासमध्ये त्यांना एस-ओ-एन शिकवलंय: पहिला पुरुष कर्त्याप्रमाणे, दुसरा कर्माप्रमाणे, तिसऱ्याला नो चेंज. झोपेत विचारलं तरी म्हणून दाखवेल. मग 'आय' तसाच कसा राहिला? कारण घरात दिवसभर ती मराठीत असतं तसं ऐकते. आमच्या कामाच्या बाई सांगून जातात, आणि बायको संध्याकाळी मला म्हणते, "बाई म्हणाल्या की मी उद्या येणार नाही." ह्यावर आजवर मी कधी "म्हणजे तू कुठे चाललीस?" असं विचारलेलं नाही. 'की' लावला की मराठीत बाईंचा 'मी' बाईंचाच राहतो आणि त्यांचं उद्याचं न येणंही उद्याचंच राहतं. पोरीनं 'की'च्या जागी 'दॅट' ठेवला आणि बाकीचं घरच्यासारखं लिहिलं. मराठीत जे अगदी बरोबर, त्यालाच इंग्रजीच्या पेपरात शून्य. आपल्या पोरांची गाडी नेमकी इथे घसरते हे एकदा फळ्यावर लिहायला किती खडू लागतो? क्लासची फी बघता खडूची पेटी परवडायला हरकत नाही. पण नाही, तिथे नुसता तक्ता. प्रेझेंटचं पास्ट, विलचं वुड, कॅनचं कुड, टुमॉरोचं नेक्स्ट डे. तक्ता पाठ, आणि राहुल वाऱ्यावर.

घरी आल्यावर मी पेन्सिल तिच्या हातात दिली. आता ती प्रत्येक सर्वनामाच्या डोक्यावर नाव लिहिते. काळ तर इतक्या इमानाने मागे ढकलते की काल क्लासच्या चाचणीत तिने "द टीचर सेड, 'द अर्थ मूव्हज राउंड द सन'" ह्याचंही 'मूव्ह्ड' केलं. सार्वकालिक सत्याला काळ बदलायचा नसतो म्हणे. पृथ्वी थांबवल्याबद्दल पुन्हा एक गुण गेला, आणि हे शून्य आधीच्याहून गोल आहे.