जांभ्याच्या मातीत क्रोमियम दिसलं म्हणजे खाण सापडली का?

प्रतिक्रिया: "जांभ्याच्या मातीत लोह, क्रोमियम सगळीकडेच जास्त असतं. मग माती तपासण्यात पैसे कशाला घालवायचे? सरळ बोअर मारावी."

बोअर म्हणजे वीतभरसुद्धा रुंद नसलेलं भोक. कणकवली तालुक्यात जानवली-वागदे भागात क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, आहे, पण ते सलग पसरलेलं नाही. मसुरीच्या दाण्यासारखे मध्ये फुगीर, कडांना निमुळते असे त्याचे पट्टे असतात. अंदाजाने मारलेली बोअर त्यांच्या शेजारून सहज निघून जाते. म्हणून आधी माती.

जांभ्याबद्दलचा तुमचा मुद्दा मात्र अगदी खरा आहे. पावसाने सिलिका, मॅग्नेशियम धुऊन जातं, लोह मागे उरतं आणि क्रोमियम त्याला धरून राहतं. त्यामुळे नुसता क्रोमियमचा आकडा फसवतो, तो लोहासोबतच वाचावा लागतो. समजा, सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट माथ्यावरच्या, नमुन्यात क्रोमियम १२०० पीपीएम आणि लोह ४० टक्के आहे. खालच्या उतारावर क्रोमियम ६००, पण लोह फक्त १२ टक्के. लोहाच्या दर टक्क्यामागे सड्यावर ३० आणि उतारावर ५० पडतात. मी उतारावर परत जाईन, विशेषतः तिथे निकेलही वाढलेलं असेल तर.

प्रयोगशाळेला काय सांगायचं, हे तर फारच महत्त्वाचं. क्रोमाइटचे दाणे अम्लराजासारख्या तीव्र आम्लातही नीट विरघळत नाहीत. नेहमीच्या आम्ल-चाचणीत लोहाला चिकटलेलं क्रोमियम मोजलं जातं आणि आपल्याला हवं असलेलं क्रोमाइट बरंचसं तळाशी तसंच राहतं. म्हणून सोडियम पेरॉक्साइडबरोबर वितळवून किंवा क्ष-किरण पद्धतीने एकूण क्रोमियम मोजून मागावं. चाळणी नायलॉनची हवी, कारण स्टेनलेस स्टीलमध्येच क्रोमियम असतं.

माती कुठली घेतो, यात मी स्वतः एकदा चुकलो आहे. एका कलमांच्या बागेत पंचवीस-पंचवीस मीटरवर नमुने घेतले, आकडे अचानक उतरले. नंतर बागेच्या मालकांनी सांगितलं, "अहो, ही माती आमची नव्हेच. कातळात सुरुंग लावून खड्डे काढले आणि खालून डंपरने माती आणून भरली." तेव्हापासून आधी हे विचारतो, मगच पालापाचोळा आणि वरची काळपट माती बाजूला करून हात-दीड हात खालची घेतो. रंग, उतार, जवळचा गडगा किंवा पऱ्ह्या, सगळं वहीत टिपतो.

जाड जांभ्याच्या सपाट सड्यावर एवढं करूनही खालच्या खडकाची खूण पुसट येते. तिथे सड्याच्या कडेची, जांभा संपून मूळ खडक उघडा पडतो त्या उताराची माती घ्यावी. उतारावरची माती दर पावसाळ्यात थोडी खाली सरकते, त्यामुळे सर्वांत मोठा आकडा धातूच्या पट्ट्याखाली काही अंतरावर मिळतो. तुमची बोअर त्या आकड्यावर नको. तिथून चढावर आकडे जिथे एकदम तुटतात, तिथे आडवा चर खणून खडक पाहावा आणि मग बोअर मारावी.