बजेट टेबलावर नवीन आलात? मग वाचवायचं खूळ आधी डोक्यातून काढा

अभिनंदन, तुम्हाला बजेटचं टेबल मिळालं. ज्याला कोणी नको म्हणत नाही आणि जे कोणी मागतही नाही असं हे टेबल, मी त्यावर सहा वर्षं काढलीत, तेव्हा चार गोष्टी सांगतो, पुढे तुमचं नशीब.

पावसाळा संपत आला की वित्त विभागाचं परिपत्रक येतं, पुढच्या वर्षाचे अंदाज पाठवा म्हणून. आता तुम्ही नवीन असल्यामुळे प्रामाणिकपणे हिशोब करायला बसाल. समजा तुमचं उपनगरातलं छोटं ऑफिस आहे, तुमच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे सरकारी हिशोबातल्या तुमच्या खात्याखाली, ऑफिस चालवण्याच्या खर्चाच्या काही ओळी आहेत, आणि सगळ्या मिळून खरी गरज आहे 90 लाखांची. 90 लिहिलंत तर संपलात. वरती प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी कात्री घेऊन बसलेलं असतं, विभागप्रमुख कापतात, मंत्रालयातला प्रशासकीय विभाग कापतो, मग वित्त विभाग कापतो, आणि त्यांना माहीत असतं की तुम्ही फुगवून लिहिलंय, आणि तुम्हाला माहीत असतं की त्यांना माहीत आहे. म्हणून 130 लिहा. 100 मिळतील. सगळे खूश, याला अंदाजपत्रक म्हणतात.

मार्चमध्ये ते विधानसभेत जातं. तिथे फार लक्ष द्यायची गरज नाही, तुमच्या खात्याची मागणी चर्चेला आली तर आली, नाहीतर शेवटच्या दिवशी उरलेल्या मागण्या एकत्र मताला टाकतात आणि आवाजी मतदानात तुमचे 100 लाखही पार होतात. मग तिजोरीतून पैसे काढायची परवानगी देणारं विनियोजन विधेयक. विधान परिषदेत चर्चा होते, पण मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेतच. बास.

आता एप्रिल. मंजूर झाले म्हणजे मिळाले असं समजून कंत्राटदाराला शब्द देऊ नका, हे मात्र मी खरंच सांगतोय, त्यात उपरोध नाही. पैसे बीम्सवर, म्हणजे सरकारच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर, हप्त्याहप्त्यानं येतात, वित्त विभाग जितके टक्के सोडेल तितकेच दिसतात, आणि बीम्सची स्लिप निघाल्याशिवाय अधिदान व लेखा कार्यालयात बिल कोणी हातात धरत नाही. त्यामुळे पहिले काही महिने तुम्ही फक्त वीजबिल, झेरॉक्स आणि गाडीचं डिझेल भागवता. नोव्हेंबर संपेपर्यंत 42 लाख खर्च होतात.

इथून खरी कलाकारी सुरू होते, आठमाही सुधारित अंदाज.

वर्षअखेर एकूण किती खर्च होईल ते यात सांगायचं. रीत सोपी आहे. यंदाचे पहिले आठ महिने आणि गेल्या वर्षीचे शेवटचे चार महिने, दोन्हीचा खर्च मिळवायचा. यंदाचे 42, गेल्या डिसेंबर ते मार्चचे 46, झाले 88. म्हणजे 100 मधले 12 लाख उरणार. कागद स्वच्छ, आकडा स्वच्छ. आणि हा आकडा तुम्ही वर पाठवलात तर पुढच्या वर्षी तुम्हाला 88 चीच तरतूद, शिवाय साहेब विचारणार, तुम्ही काय स्वतःच्या खिशातून देताय का, एवढी काळजी कशाला? म्हणून 88 च्या खाली 'प्रस्तावित खर्च' असा एक मथळा टाका. फर्निचर, रंगकाम, थकीत बिलं, जागेच्या भाड्यातला संभाव्य फरक. 'संभाव्य' हा शब्द तुमच्या टेबलावरचा सगळ्यात कष्टाळू कर्मचारी आहे, त्याला कधी रजा देऊ नका. एवढं केलं की आकडा 120 वर जातो आणि तुम्हाला 20 लाख कमी पडायला लागतात!

मग पुरवणी मागणी. डिसेंबरात अधिवेशन नागपूरला, त्यामुळे अर्धं मंत्रालय फाइलींसकट विदर्भात आणि तुम्ही चर्चगेटच्या प्लॅटफॉर्मवर उभे राहून फोनवर आकडे सांगताय, लोकल सुटतेय, पलीकडचा म्हणतोय वीस की बावीस, नीट बोला. पुरवणी मागण्यांचं पुस्तक जाडजूड असतं, त्यात तुमचे 20 लाख म्हणजे समुद्रात टाकलेलं मीठ. मंजूर होतात. आता तरतूद 120.

आणि मग मार्च. जे पैसे अकरा महिने दिसत नव्हते ते शेवटच्या पंधरवड्यात दिसायला लागतात. त्याच सुमारास वित्त विभागाचं परिपत्रकही फिरत असतं की वर्षअखेरीस घाईघाईनं खरेदी करू नका. दोन्ही एकाच टेबलावर ठेवा, शेजारी शेजारी छान दिसतात. आमच्याकडे एकदा 31 मार्चच्या रात्री 40 खुर्च्या आल्या, प्लास्टिकसकट जिन्यात रचल्या, डेडस्टॉक रजिस्टरला नोंद झाली, आणि टोनरचे दोन खोके आले ते ज्या प्रिंटरचे होते तो प्रिंटर आम्ही आधीच्या वर्षीच निर्लेखित करून मोडीत काढला होता. सर्व्हर रडतखडत चालू, वडापाव गार, शिपाई म्हणतोय साहेब शेवटची गाडी गेली.

एवढी धावपळ करूनही खर्च कितीवर थांबतो? 88 वर. स्वच्छ कागदावर जो होता तोच.

आता तुमच्याकडे 32 लाख उरलेत. नियम असा की बचत दिसली की लगेच समर्पित करायची, म्हणजे त्याच वर्षात ज्याला गरज आहे त्याला वित्त विभाग देऊ शकेल. तुम्हाला ती नोव्हेंबरात दिसली होती. पण तुम्ही समर्पण करा 31 मार्चला, 25 लाखांचं, जेव्हा ते कोणाच्याच उपयोगाचे नसतात, आणि उरलेले 7 लाख लिहायचेच राहून जाऊ देत, रात्री बारा वाजता ते आपोआप व्यपगत होतात. तिकडे एखाद्या आश्रमशाळेचं बिल 'अनुदान नाही' म्हणून परत गेलेलं असतं, पण ते तुमचं लेखाशीर्ष नाही.

लेखापरीक्षणाला घाबरू नका. पार्टी येते, आठवडाभर बसते, हाफ मार्जिन म्हणजे शंकांचा कागद देते, टोनरबद्दल विचारते. टोनरचं उत्तर 'जुना प्रिंटर दुरुस्तीच्या विचाराधीन होता'. मोठा मुद्दा वेगळ्या ठिकाणी निघतो, महालेखापालांकडे विनियोजन लेखे तयार होतात तेव्हा. तिथे मूळ तरतूद, पुरवणी आणि प्रत्यक्ष खर्च असे तीन आकडे शेजारी येतात, आणि खर्च मूळ 100 लाखांपर्यंतसुद्धा पोचलेला नसेल तर वरचे 20 लाख अनावश्यक होते हे शाळेतलं पोरही सांगेल. फक्त तुमचे एकट्याचे 20 लाख कुठे छापून येत नाहीत, ते मागणी क्रमांकाखाली इतर शंभर ऑफिसांच्या 20 लाखांत मिसळतात आणि कॅगच्या अहवालात एकच मोठा आकडा दिसतो. पेपरात बातमी येते. तीच बातमी पुढच्या वर्षी पुन्हा येते, आकडा बदलून.

नंतर कधीतरी विधिमंडळाची लोकलेखा समिती खात्याच्या सचिवांना बोलावते, सचिव विभागप्रमुखांना विचारतात, आणि स्पष्टीकरणाचा कागद फिरत फिरत तुमच्या टेबलावर येतो. तोवर तुमची बदली झालेली असते. नवीन माणूस तुम्हाला फोन करेल, सर, त्या साली पुरवणी का घेतली होती? त्याला सांगा, आठमाहीची फाइल काढ, 'संभाव्य' शोध, आणि उत्तरात लिही की अपेक्षित खर्च प्रशासकीय कारणास्तव होऊ शकला नाही. मग सहज विचारा, यंदा किती लिहिलेस?

130, तो म्हणेल.