शेजारच्या टेबलावरच्या हॅकरला नेमकं काय दिसतं?

> "सावधान!! कॅफे, स्टेशन, मॉलच्या फुकट वायफायवर चुकूनही बँकेचं अ‍ॅप उघडू नका. शेजारच्या टेबलावर बसलेला हॅकर तुमचा पासवर्ड आणि ओटीपी त्याच्या लॅपटॉपवर पाहतो. पासवर्ड असलेलं वायफाय असेल तरच वापरा, नाहीतर व्हीपीएन टाका. साइटवर कुलूप दिसलं की बिनधास्त. सर्व ग्रुपवर पाठवा."

हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्याभरात तीनदा आला. मी नेटवर्कचं काम करतो, म्हणून दोघांनी मला वेगळं विचारलंही. उत्तर ग्रुपवरच्या चार ओळींत मावेना, म्हणून इथे लिहितोय.

आधी शेजारच्या टेबलाचं बघू. ही भीती हवेतून आलेली नाही. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर या प्रोग्रामरने फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन सगळ्यांसाठी खुलं केलं. ते लावून कॅफेत बसलं की त्याच वायफायवर फेसबुक किंवा ट्विटर वापरणाऱ्यांची नावं बाजूच्या पट्टीत दिसायची. नावावर क्लिक केलं की थेट त्या माणसाच्या खात्यात. बऱ्याच साइट्स तेव्हा फक्त पासवर्ड टाकायचं पान एन्क्रिप्ट करायच्या, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशा रूपात पाठवायच्या. त्यानंतर साइट ब्राउझरला ओळखीचा जो बिल्ला देते, म्हणजे कुकी, ती उघड्यावरून यायची-जायची. कोणीही उचलावी आणि तुमच्या नावाने आत शिरावं.

नंतरच्या काळात हे बदललं. २०१५ पासून लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था साइट्सना एन्क्रिप्शनसाठी लागणारी प्रमाणपत्रं फुकट देऊ लागली आणि जुलै २०१८ पासून क्रोम एन्क्रिप्शन नसलेल्या प्रत्येक साइटवर `Not secure` असा शिक्का मारू लागला. अमेरिकेत ग्राहकांच्या हिताचं काम बघणारं एफटीसी हे सरकारी खातंही आता सांगतं की एन्क्रिप्शन सगळीकडे आल्यामुळे सार्वजनिक वायफाय वापरणं सहसा सुरक्षित असतं. फॉरवर्ड मात्र २०१० मध्येच राहिला.

मी घरी करून पाहिलं. लॅपटॉपचा हॉटस्पॉट सुरू केला, माझाच फोन त्याला जोडला, लॅपटॉपवर नेटवर्कमधून जाणारा डेटा दाखवणारं वायरशार्क लावलं आणि फोनच्या ब्राउझरमधून बँकेत लॉगिन करून शिल्लक पाहिली. म्हणजे इथे लॅपटॉप हाच कॅफेचा राउटर, सगळी ये-जा त्याच्यातूनच. त्याला काय दिसलं? फोनने बँकेच्या साइटचा पत्ता विचारला, ते दिसलं. जोडणी सुरू करताना बँकेच्या साइटचं नाव पुन्हा एकदा गेलं, तेही दिसलं. त्यानंतर ओळीमागून ओळ फक्त `Application Data`, आणि आत अर्थ न लागणारी अक्षरं. युजर आयडी नाही, पासवर्ड नाही, शिल्लक नाही. मी अमुक बँकेच्या साइटवर अमुक वाजता गेलो आणि साधारण इतका डेटा आला-गेला, एवढंच त्या लॅपटॉपला कळलं. ही माहिती काहीच नाही असं मी म्हणणार नाही, पण तिच्यावर खात्यातून पैसे निघत नाहीत.

ओटीपी तर सहसा या वायफायवरून येत नाही. तो येतो एसएमएसने, मोबाइल कंपनीच्या नेटवर्कवरून.

यावर एका मित्राने बरोबर शंका काढली: हॅकरने कॅफेच्याच नावाचं खोटं वायफाय उघडून तुम्हाला बँकेऐवजी स्वतःच्या मशीनकडे वळवलं तर? तेही केलं. लॅपटॉपवर अशी सोय केली की बँकेचं नाव विचारलं की पत्ता माझ्याच मशीनचा मिळेल, आणि त्या मशीनवर घरीच बनवलेलं प्रमाणपत्र लावलं. फोनवर बँकेचं पान उघडायला गेलो, तर पांढऱ्या पडद्यावर लाल त्रिकोण, `Your connection is not private`, आणि खाली बारीक अक्षरांत `NET::ERR_CERT_AUTHORITY_INVALID`. लॉगिनचं पान आलंच नाही.

तुमचं खरं संरक्षण होतं ते इथे. समोरचं मशीन प्रमाणपत्र दाखवतं आणि ब्राउझर तीन गोष्टी तपासतो: त्यावरचं नाव पत्त्याच्या पट्टीतल्या नावाशी जुळतं का, मुदत आहे का, आणि ते फोनच्या विश्वासाच्या यादीतल्या एखाद्या संस्थेने दिलेलं आहे का. खोटं वायफाय उघडणाऱ्याला बँकेच्या नावाचं असं प्रमाणपत्र मिळवता येत नाही. बँकेचं अ‍ॅपही हीच तपासणी करतं, पण आतल्या आत. ती नीट होते की नाही हे आपल्याला दिसत नाही. २०१७ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांना काही बँकांच्या अ‍ॅप्समध्ये नाव पडताळण्यातच चूक सापडली होती, ती अपडेट देऊन दुरुस्त झाली. म्हणून बँकेच्या अ‍ॅपचं अपडेट मी थांबवून ठेवत नाही.

कॅफेतला खरा धोका त्या लाल त्रिकोणाशी आपण कसे वागतो यात आहे. बऱ्याच कॅफेंमध्ये वायफाय जोडल्यावर आधी मोबाइल नंबर आणि ओटीपी मागणारं त्यांचं पान येतं. ते पूर्ण करण्याआधीच तुम्ही बँक उघडली, तर राउटर मधे स्वतःचं पान घुसवू पाहतो आणि ब्राउझर हाच इशारा देतो. इथे कोणाचाच वाईट हेतू नसतो. पण असं चार वेळा झालं की हात आपोआप `Advanced` दाबून पुढे जायला शिकतो, आणि पाचव्या वेळी समोर खरंच चोर असू शकतो. एचएसटीएस नावाचा नियम लावलेल्या साइटवर क्रोम पुढे जायचा दुवा देतच नाही. बाकीच्या साइट्सवर देतो. इशारा आला तर ते पान बंद करा, `http://neverssl.com` उघडा, कॅफेचं पान तिथे येईल, ते पूर्ण करा आणि मग बँकेत जा. तरीही इशारा आला, तर त्या वायफायवर बँक नको. कॅफेच्या पानाने ईमेलचा पासवर्ड मागितला, एखादं अ‍ॅप टाकायला सांगितलं किंवा `certificate` इन्स्टॉल करायला सांगितलं, तर तिथूनच उठा. प्रमाणपत्र टाकून घेणं म्हणजे त्या विश्वासाच्या यादीत परक्याचं नाव आपल्या हाताने लिहिणं. मग लाल त्रिकोण येणारच नाही.

पासवर्डवाल्या वायफायचं म्हणाल, तर काउंटरवरच्या पाटीवर लिहिलेला पासवर्ड तुम्हाला माहीत आहे तसा शेजारच्या टेबलालाही माहीत आहे. नेहमीच्या डब्ल्यूपीए२ वायफायवर ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण टिपली आहे, तो तुमचं वायफायचं एन्क्रिप्शन सोडवू शकतो. आत बँकेचं एन्क्रिप्शन असतं म्हणून त्याच्या हाती काही लागत नाही. पासवर्ड नसलेल्या वायफायवरही तुम्हाला तेच वाचवतं.

व्हीपीएन म्हणजे तुमची सगळी ये-जा आधी स्वतःच्या मशीनकडे नेणारी सेवा. तिने इतकंच होतं की कॅफेला दिसणारं बँकेचं नाव आता व्हीपीएनवाल्याला दिसतं. चांगली, पैसे देऊन घेतलेली सेवा असेल तर घ्या, हरकत नाही. पण प्ले स्टोअरवरचं कुठलंतरी फुकट व्हीपीएन केवळ या फॉरवर्डच्या भीतीने टाकणं म्हणजे ओळखीच्या कॅफेवाल्याऐवजी अनोळखी कंपनीच्या हाती आपली सगळी ये-जा सोपवणं.

आता कुलूप. या वाक्याचा मला मनापासून राग येतो, कारण यानेच माणसं फसतात. कुलूप एवढंच सांगतं की पट्टीत जे नाव लिहिलंय त्याच साइटशी तुम्ही बोलताय आणि मधलं कोणी ऐकत नाही. ते नाव चोराचं असेल, तर चोराशी अगदी सुरक्षितपणे बोलताय. फुकट प्रमाणपत्र चोरालाही मिळतं. क्रोमने सप्टेंबर २०२३ मध्ये पट्टीतलं कुलपाचं चित्र काढून टाकलं, ते लोक त्याचा असा अर्थ घेतात म्हणूनच.

वाचायचं असतं ते नाव, आणि तेही उजवीकडून. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत `.bank.in` वर यायला सांगितलं होतं, आणि हा पत्ता बँकांशिवाय कोणाला मिळत नाही. मात्र तो पहिल्या तिरक्या रेषेच्या आधी, अगदी शेवटी हवा. `bank.in.kyc-update.example` यात `bank.in` आहे, पण साइट आहे `kyc-update.example` या मालकाची. शेवटचं `.example` मी नमुन्यापुरतं घातलंय, खऱ्या लिंकमध्ये तिथे `.com` किंवा आणखी काही असतं.

आमच्या शेजारच्या काकांचं उदाहरण सांगतो, त्यांच्या परवानगीने. ते स्टेशनजवळच्या कॅफेत बसून पेन्शन जमा झाली का ते बघून आले. तिसऱ्या दिवशी रात्री खात्यातून दोनदा पैसे गेले. घरात सगळ्यांनी कॅफेच्या वायफायला दोष दिला. मी फोन हातात घेतला आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये `RTO Challan.apk` ही अ‍ॅपची फाइल दिसली, पैसे गेले त्याच दिवशी दुपारी आलेली. व्हॉट्सअ‍ॅपवर ओळखीच्याच नंबरवरून आली होती. त्या माणसाचा फोनही असाच ताब्यात गेला होता. काकांनी ती टाकली, तिने मागितलेली एसएमएसची परवानगी दिली, आणि "एक रुपया भरून चलन बघा" म्हटल्यावर डेबिट कार्डाचा नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही भरला. त्या वेळी ते घरच्याच वायफायवर होते. रात्री चोराने कार्ड वापरलं, ओटीपी काकांच्या फोनवर आला आणि अ‍ॅपने तो पुढे पाठवून दिला. यात एन्क्रिप्शन कुठेच तुटलं नाही. मोबाइल डेटा असता, व्हीपीएन असतं, तरी हेच झालं असतं.

आम्ही आधी फोन विमानमोडवर टाकला, म्हणजे एसएमएस बाहेर जाणं थांबलं. मग माझ्या फोनवरून बँकेला कळवून कार्ड बंद केलं आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ही घाई महत्त्वाची असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार चूक ग्राहकाची असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ना तुमची ना बँकेची, मधल्याच कुणाची असेल आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर काहीच येत नाही.

तुमच्या अँड्रॉइड फोनवर आत्ता बघायचं असेल तर सेटिंग्जमध्ये परवानग्यांच्या यादीत `SMS` उघडा. मेसेज वाचणारं नेहमीचं अ‍ॅप, बँकेची आणि यूपीआयची अ‍ॅप्स तिथे असतील. त्यांच्याशिवाय ओळख न पटणारं काही दिसलं, तर ते कधी आणि कुठून आलं ते आधी शोधा.

आणि एका ठिकाणी मेसेजची भीती खरी आहे: सायबर कॅफेतला किंवा लॉजच्या काउंटरवरचा संगणक. एन्क्रिप्शन सुरू होतं ते त्या मशीनच्या आत, आणि कीबोर्डवर दाबलेली अक्षरं त्याआधीच टिपता येतात. वायफाय कोणाचंही असो, मी बँकेत जातो ते फक्त स्वतःच्या फोनवरून.