चमकलं म्हणजे चोरी नाही: बिलांच्या फोटोंबद्दल फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

"सर्व मालक आणि अकाउंटंट बंधूंनी लक्ष द्या. कामगारांची खोटी बिलं एका मिनिटात पकडा. बिलाचा फोटो ईएलए साइटवर टाका, जिथे पांढरं चमकेल तिथे रक्कम बदललेली आहे. फोटोच्या माहितीत तारीख आणि मोबाईलचं नाव नसेल तर फोटो एडिट केलेला. कागद एकसारखा दिसत नसेल तर आकडा चिकटवलेला. जास्तीत जास्त शेअर करा."

हा मेसेज माझ्या आतेभावाच्या मालकांपर्यंत पोहोचला, म्हणून लिहायला बसले. भाऊ ठिबकच्या सामानाची विक्री करत धुळे, शिरपूर, शहादा असा फिरतो. पारोळ्याजवळ जेवल्याचं ५९९ रुपयांचं बिल त्याने लावलं होतं. मालकांनी तो फोटो साइटवर टाकला, ५९९ चमकले आणि याचा महिन्याचा सगळा प्रवासखर्च अडकला. रात्री फोनवर एवढंच म्हणाला, "ताई, मनी काय चूक शे?" मी धुळ्यात बारा वर्षं अशीच बिलं तपासते. त्याची चूक काहीच नव्हती.

ईएलए म्हणजे एरर लेव्हल अ‍ॅनालिसिस. यात साइट तुमचा जेपीजी फोटो ठरावीक दर्जाने, साधारण ९५ टक्क्यांनी, पुन्हा सेव्ह करते आणि जुन्या-नव्या फोटोत प्रत्येक ठिपक्याला किती फरक पडला ते उजेडाच्या रूपात दाखवते. जेपीजी फोटोचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतो. कोऱ्या कागदाच्या चौकोनात बिघडण्यासारखं फारसं नसतं, म्हणून तो काळा राहतो. पांढऱ्यावर ठळक काळी कड आली की फरक वाढतो आणि ती जागा उजळते. आता हॉटेलच्या पावतीवर सगळ्यात जाड, सगळ्यात उंच अक्षरात काय छापलेलं असतं? एकूण रक्कम. म्हणजे कुणी हात न लावलेल्या पावतीतही नेमकी तीच ओळ चमकणार.

ही पद्धत नील क्रॉवेट्झ या अमेरिकन संगणकतज्ज्ञांनी २००७ मध्ये मांडली. त्यांच्याच साइटवरच्या शिकवणीत नियम स्पष्ट दिलाय: कडेची तुलना कडेशी करा, पोताची पोताशी, सपाट भागाची सपाट भागाशी. म्हणजे जाड ५९९ शेजारच्या कोऱ्या कागदापेक्षा उजळ आहे, याला काही अर्थ नाही. तेवढ्याच जाड छपाईतल्या दुसऱ्या अक्षरांपेक्षा तो वेगळा उजळतोय का, हा प्रश्न आहे. मेसेज लिहिणाऱ्याने हा नियमच गाळला.

मी मालकांकडे गेले. त्यांच्याच काउंटरवरून एक ताजी पावती छापून घेतली, त्यांच्याच फोनने फोटो काढला, व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवला आणि साइटवर टाकला. एकूण रक्कम लख्ख चमकली. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले.

उलट बाजू जास्त वाईट आहे. व्हॉट्सअ‍ॅप फोटो लहान करतं आणि पुन्हा दाबून सेव्ह करतं. खऱ्या आकड्यावर आणि चिकटवलेल्या आकड्यावर एकच रोलर फिरतो, मग दोघांतला फरक बहुतेक पुसला जातो. म्हणजे या उपायाने प्रामाणिक माणूस अडकतो आणि खरा लबाड सुटतो.

एक मान्य करते. मूळ फाईल थेट फोनमधून, डॉक्युमेंट म्हणून आलेली असेल आणि बदल करून ती एकदाच सेव्ह झाली असेल, तर ईएलएत चिकटवलेला तुकडा कधीकधी वेगळा उठून दिसतो. पण तो इशारा असतो, पुरावा नव्हे.

तारीख आणि मोबाईलच्या नावाबद्दल फार लिहायला नको. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की ती माहिती निघून जाते. त्या हिशेबाने तुमच्या ग्रुपवर आलेलं प्रत्येक बिल खोटं ठरेल.

कागदाच्या मुद्द्यात मात्र अर्धं सत्य आहे. चिकटवलेल्या आकड्याभोवती कागदाचा रवा अचानक गुळगुळीत होतो, घडीची रेघ आकड्यापाशी येऊन तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. पावती वळलेली असेल तर सगळ्या ओळी वळणासोबत वाकतात, चिकटवलेला आकडा तेवढा ताठ उभा राहतो. हे मी स्वतः बघते. पण स्कॅनर अ‍ॅपने काढलेल्या फोटोत पार्श्वभूमी पांढरी धुतलेली असते, तिथे पोत बघण्यात अर्थच नाही. आणि थर्मल कागद उष्णतेने काळवंडतो. मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली पावती आमच्याकडे एकाच दुपारी डागाळते. तो डाग म्हणजे लबाडी नव्हे.

मग खरी खोटी कशी ओळखायची? आधी बेरीज. भावाच्या बिलात शेवभाजी दोन, १८० प्रमाणे ३६०. भाकरी सहा, २५ प्रमाणे १५०. ताक दोन, ३० प्रमाणे ६०. झाले ५७०. त्यावर अडीच टक्के सीजीएसटी १४.२५, तेवढाच एसजीएसटी. एकूण ५९८.५०, राउंड ऑफ धरून ५९९. सगळं जुळतं.

समजा कुणी या ५९९ चे ८९९ केले. तर कराच्या ओळीपासून उलटं चालायचं: १४.२५ हे अडीच टक्के असतील तर मूळ रक्कम ५७० च निघते. ८९९ साठी मूळ रक्कम ८५६ च्या आसपास हवी आणि प्रत्येक कर २१.४० च्या आसपास. म्हणजे लबाडाला एक आकडा बदलून भागत नाही, दोन्ही कर आणि निदान एखाद्या पदार्थाचा दर किंवा नग बदलावा लागतो. बहुतेक जण तिथेच पकडले जातात, फोटो मोठा करून बघायचीही गरज पडत नाही.

सगळं बदललं असेल तर आकडे जवळून बघा. थर्मल प्रिंटर ठिपक्यांनी छापतो, बहुतेक यंत्रांत मिलिमीटरला आठ ठिपके. एकाच आकारातला ८ पावतीवर जिथे येईल तिथे सारखाच असतो. एकूण रकमेसाठी जाड ८ हवा म्हणून लबाड तो १८० मधून उचलतो आणि ताणून मोठा करतो. मग शेजारच्या ९ च्या कडा टोकदार आणि ८ च्या कडा पसरट दिसतात. इथेही फोटो धूसर असेल तर गप्प बसायचं आणि मूळ कागद मागायचा.

शेवटी पैसा कुठून गेला ते बघायचं. भावाने यूपीआयने दिले होते. बँकेच्या उताऱ्यात त्याच रात्री ५९९ गेलेले आणि सोबत बारा आकडी व्यवहार क्रमांक. मालकांना हे बघायला दोन मिनिटं लागली असती. त्यांनी माणसाचा महिन्याचा खर्च अडवला.

खर्च आता मिळालाय. भावाला सांगितलंय, बिल हातात पडताच सपाट ठेवून उजेडात फोटो काढ, कडेपासून कडेपर्यंत, आणि डॉक्युमेंट म्हणून पाठव. मूळ पावती वहीत ठेव, डॅशबोर्डवर नको.